जावेच्या टीव्हीचा पिन

चारकोपला आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले वर, माझी मोठी जाऊ राहते. तिला मूलबाळ नाही. माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेतून आली की दप्तर माझ्या अंगावर टाकायची आणि वर पळायची. कारण मला ठाऊक होतं. आमच्या टीव्हीवर काही विकत घ्यायचं तर पिन लागतो, आणि तो फक्त मला माहीत. जावेकडे रिमोटचं बटण दाबलं की भाड्याचा सिनेमा सुरू, गेममधली नाणीसुद्धा हजर. मला ते बघवत नव्हतं.

एक दिवस मीच वर गेले. "वहिनी, पोरगी तुमचं कार्ड रिकामं करेल," असं काळजीच्या सुरात म्हटलं आणि सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पिन मागेल असं करून दिलं. चार आकडे तिने स्वतः टाकले, मी तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं. मनात म्हटलं, आता बघू कोण वर पळतं.

पोरगी तरी रोज वरच. महिन्याभराने मी न राहवून विचारलं, "आता काय ठेवलंय गं तिथे?"

"काकूला आकडे लक्षात राहत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून पिन मी लक्षात ठेवते. ती हो म्हणाली की मीच टाकते."

"आणि न विचारता कधी टाकलास?"

"कशाला टाकू?"

त्याच संध्याकाळी तिला आमच्या टीव्हीवर एक सिनेमा हवा होता. मी पिन टाकायला रिमोट उचलला. मी काही बोलायच्या आत ती रोजच्या सवयीने भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.