न पडणारा खटका

सात-आठ वर्षांपूर्वी मी लोणावळ्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलात चोरून खटका बदलून घेतला. खटका म्हणजे ते एमसीबी. भार जास्त झाला की आपोआप खाली पडतं आणि खोलीतली लाईट जाते, ते. दहा अँपिअरच्या जागी मी बत्तीसचा बसवून घेतला. दहा काय आणि बत्तीस काय, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बत्तीस मोठा, म्हणजे चांगला, एवढाच माझा हिशोब. परवा नातीच्या चार्जरची वायर मानेजवळ सोलवटलेली दिसली. मी सरळ कात्रीनं कापून टाकली. ती रडायला लागली आणि मला माझाच पराक्रम आठवला.

मी छप्पन्न-सत्तावन्नची होते. वयानं पोक्त, अकलेनं चौथी नापास. त्याआधी मळवलीला बंगल्यांची राखण करायचे. मालक येणार शनिवारी, जाणार रविवारी. बाकीचे पाच दिवस झाडांना पाणी घाला आणि बंद खिडक्यांशी बोला. आख्ख्या दिवसात कुणी हाक मारायचं नाही. म्हणून होस्टेलात मावशी लागते असं कळल्यावर मी धावत गेले. दुसरा मजला माझ्याकडे आला. बारा खोल्या आणि बारा दारांतून दिवसभर ‘मावशी, मावशी’. ‘मावशी, बादली कुठंय?’ ‘मावशी, सुई आहे का?’ मी वैतागल्याचं सोंग करायचे आणि आतून फुलायचे.

वर्षभरानं पहिल्या मजल्याला कान्हे गावची एक बाई आली. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, काटक, तोंडात सुपारी. महिन्याभरात तिला सगळ्या मुलींची नावं पाठ झाली. मी तर अजून ‘ए चष्मेवाली’वरच होते. तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी मुली पळवून खायच्या. माझ्याही डब्यात तांदळाचीच भाकरी असायची, ती कुणी पळवली नाही. आणि एक दिवस जिन्यात ऐकलं. माझ्याच मजल्यावरची एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, ‘वरच्या मावशींना नको, आपल्या मावशीला विचार.’

आपली मावशी म्हणजे ती. मी वरची, पाण्याच्या टाकीसारखी.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे जळायला लागलं, त्यावर दोन वेळचा स्वयंपाक झाला असता. आम्ही एकाच लोकलनं यायचो. ती कान्ह्याला चढायची, मी मळवलीला. ती शेजारी पिशवी ठेवून माझ्यासाठी जागा धरायची. मी मुद्दाम दारापाशी उभी राहायचे. मळवली ते लोणावळा प्रवास तो केवढा, पण तेवढ्यातही माझे गुडघे दुखायचे आणि मी तिच्याकडं बघून हसायचे नाही.

आता लोणावळ्याचा पावसाळा. चार महिने कपडे वाळत नाहीत. मुली ओले कपडे इस्त्री फिरवून वाळवायच्या. एका खोलीत चौघी आणि भिंतीला प्लग एकच. मग त्या प्लगात एक्स्टेंशन बोर्ड, त्या बोर्डात दुसरा बोर्ड, त्यात इस्त्री, चहाची किटली, केस वाळवायचं यंत्र, चार मोबाईल, लॅपटॉप. दोन खोल्यांत मिळून खटका एक. दोन्हीकडे इस्त्री तापली आणि वर किटली चढली की थोड्या वेळानं लाईट गुल. मग ‘मावशी, लाईट गेली’ अशी आरोळी.

खटक्यांची पेटी तळमजल्यावर जिन्याखाली. किल्ली आम्हा दोघींकडे. कान्ह्याची बाई टणाटण उतरायची, पण खटका लगेच उचलायची नाही. खालून ओरडायची, आधी किटली काढा, प्लग हातात घेऊन मला दाखवा. मुली कठड्यावरून प्लग हलवून दाखवायच्या, हसायच्या, मग ही खटका वर करायची. रोजचा तमाशा. मी दोन जिने धापा टाकत उतरायचे, काही न विचारता खटका उचलायचे, आणि वर पोचेपर्यंत तो पुन्हा पडायचा. मुली म्हणायच्या, खालच्या मावशी किती पटकन करतात.

तेव्हा मला ती अक्कल सुचली. माझ्या नणंदेचा मुलगा नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात हेल्पर. वायरिंगचं तो बघून बघून शिकलेला. मी त्याला विचारलं, खटका पडूच नये असं काही करता येतं का. तो म्हणाला, ‘लय सोपं हाय मामी. मोठा टाकला की बास.’ एका रविवारी होस्टेलच्या मॅडम पुण्याला गेल्या असताना मी त्याला आणला. वॉचमनच्या वहीत लिहिलं, ‘नळ दुरुस्ती’. पोरानं नळाचा पाना हातात धरून ठेवला होता, पेटीपाशी पोचेपर्यंत. त्यानं मेन बंद करून माझ्या मजल्याचे सगळे खटके बदलले. दुसऱ्या दिवशी कान्ह्याची बाई आपला खटका उचलायला गेली, तर वरच्या ओळीत नवे कोरे. तिनं विचारलं, ‘ताई, वरचे बदलले का?’ मी म्हटलं, कॉलेजनं बदलले, तुझेही बदलतील.

झालं. माझ्या मजल्यावरची लाईट जायची थांबली. इस्त्री चालू, किटली चालू, वर आणखी कुणीतरी पाण्याचा रॉड आणला, तोही चालू. मी पदर खोचून वाट बघत बसले, आता मुली म्हणतील आपली मावशी. कुणी काही म्हणेना. दारं बंद, मुली आत. मजला कसा गप्प गप्प झाला. मला वाटलं, सुखात आहेत.

मंगळवारी माझी सुट्टी असायची. तेव्हा कान्ह्याची बाई दोन्ही मजले झाडायची. एका बुधवारी मी कामावर आले तर मॅडमच्या टेबलावर आमची वही उघडी. ज्या वहीत आम्ही तुटके नळ, तुंबलेल्या मोऱ्या लिहायचो, त्यात तिनं शाळकरी अक्षरात पानभर लिहिलं होतं. माझी नजर पडली ती मधल्या ओळीवर. ‘वरच्या मजल्यावर खोली चौदा. बोर्डाला बोर्ड जोडलाय. प्लग काळपट झालाय, हात लावला तर गरम. जळका वास येतो. मोबाईलच्या वायरी सोलल्यात, आतली तार दिसते, चिकटपट्टी लावलीय. गादीला टेकून ठेवतात. मॅडम, बघून घ्या.’

मी पुढचं वाचलं नाही आणि मागचंही नाही. माझ्या मजल्याची चुगली, माझ्या सुट्टीच्या दिवशी. मला तेवढं पुरलं.

मॅडम आल्या तशी मी उभी राहिले. ती फरशी पुसत होती, तिच्यासमोरच बोलले. म्हटलं, मॅडम, हिच्या मजल्यावर दिवसातून तीनदा लाईट जाते. माझ्या मजल्यावर दोन महिन्यांत एकदाही गेली नाही. मग बोर्ड कुणाकडे जास्त लागलेत, तुम्हीच सांगा.

बोलताना मला वाटत होतं, काय मुद्दा काढलाय. वकील झाले असते मी.

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, ‘दोन्ही मजल्यांची वायरिंग एकच. खोल्या तेवढ्याच, मुली तेवढ्याच. खाली तीनदा जाते आणि वर एकदाही नाही, हे कसं?’ त्यांनी वायरमनला फोन लावला. मला अजून कळलं नव्हतं की मी माझ्याच पायावर धोंडा पाडलाय. मी तिच्याकडं विजयानं बघत होते.

वायरमन आला, पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. मग वर चौदा नंबरात गेला. मेन बंद करून भिंतीवरचा प्लग उघडला, तर मागच्या वायरीचं कव्हर वितळून भिंतीला चिकटलेलं. तो मला समजावून सांगू लागला, अजून मी गुन्हेगार असल्याचं त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, ‘खटका लाईट घालवायला नसतो मावशी, वायर वाचवायला असतो. भिंतीतली वायर बारीक. दहाचा खटका ती तापायच्या आधी पडला असता. बत्तीसचा पडतच नाही, वायरच आधी जळते. आणखी थोडे दिवस गेले असते तर ती गादी पेटली असती.’

त्या गादीवर एक उघडं पुस्तक पालथं पडलं होतं आणि शेजारी केसांचा चाप.

मॅडमनी विचारलं, हे खटके कुणी बसवले. वायरमन म्हणाला, मी नाही. मी भिंतीकडं बघत राहिले. दारात कान्ह्याची बाई उभी होती आणि मला माहीत होतं, तिला माहीत आहे. कॉलेजनं बदलले ही थाप मी तिलाच मारली होती. तिनं एक वाक्य बोलायचं, की दुपारच्या गाडीनं मी परत मळवलीला, त्या बंद खिडक्यांशी बोलायला.

ती नुसती सुपारी गालात धरून उभी राहिली.

आणि खरं सांगते, मी कबूल केलं ते पश्चात्तापानं नाही. पश्चात्ताप रात्री जेवल्यावर आला. कबूल केलं ते जळफळाटानं. सगळ्या मुली तिच्या, वर आता तिचे उपकारही घ्यायचे? त्यापेक्षा नोकरी गेलेली बरी. मी म्हटलं, मॅडम, मी बसवले. नळ दुरुस्ती मीच लिहिलं.

मॅडम खूप बोलल्या. बोलायलाच हव्या होत्या. त्या भरात त्यांनी वही माझ्यापुढं टाकली, म्हणाल्या, पूर्ण तरी वाचायची. मी वाचली. पान सुरू होत होतं ते असं, ‘माझ्या मजल्यावर खोली दोन, पाच आणि सात.’ आधी तिनं स्वतःचीच सगळी लक्तरं लिहिली होती. मी मधून वाचायला लागले होते.

दहाचे खटके पुन्हा बसले, चौदा नंबरातली वायर बदलली. सोलवटलेल्या वायरी आणि बोर्डाला जोडलेले बोर्ड दोन गोण्या भरून निघाले. खोल्यांत प्लग वाढवले, पण इस्त्री, किटली, रॉड बंद. त्यासाठी तळमजल्यावर वेगळी खोली काढली, तिला जाड वायर आणि मोठे प्लग स्वतंत्र. माझा मजला गेला. नोकरी मात्र मॅडमनी ठेवली. त्या इस्त्रीच्या खोलीवर बसवलं, समोर दिसत राहावी म्हणून.

कबूल केलं त्या संध्याकाळी लोकलमध्ये कान्ह्याच्या बाईनं शेजारची पिशवी उचलली आणि मी पहिल्यांदा बसले. विचारलं, सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तुमी सांगाल म्हनून. मग मी ते विचारलं, जे वर्षभर घशात अडकलं होतं. माझ्या मजल्यावर मी एवढं केलं, लाईट जाऊ दिली नाही, तरी पोरी तुलाच आपली का म्हणायच्या?

तिनं सुपारी खिडकीबाहेर थुंकली आणि माझ्याकडं बघितलं.

‘अवो ताई, खटका पडायचा म्हनून तर पोरी हाक मारायच्या. तुमी त्यो पडायचाच बंद केला, मग हाक कोन मारनार?’