हीराबाईंची ऊणोदरी

धुळ्याच्या बाजारपेठेत झुंबरलाल शेठ कापडासाठी जेवढे ओळखले जात, त्याहून जास्त बायकोच्या हातच्या बाटीसाठी ओळखले जात. हीराबाईंनी आयुष्यभर दोनच गोष्टी मनापासून केल्या, खाऊ घातलं आणि खाल्लं. बाटी तुपात बुडवायची आणि पहिली आपणच चाखायची, ही त्यांची रीत. "विष निघालं तर आधी मी मरेन," असं म्हणून त्या दुसरीही चाखत. तपकिरीची डबी तेवढी कमरेला असायची, बाकी व्यसन नाही.

त्याच हीराबाई चौसष्टाव्या वर्षी एकदम कमी खाऊ लागल्या. आधी रात्रीचं सुटलं, मग सकाळचं, मग एकासणं, दिवसातून एकदाच जेवण. त्या एका जेवणातही चार घास कमीच. जैनांत याला ऊणोदरी म्हणतात, भुकेपेक्षा कमी जेवणं, आणि ते तपच. झुंबरलालांची छाती फुगली. ज्या बाईला श्रावणातला एक उपास निभत नव्हता, तिला या वयात वैराग्य आलं! अंगावरची चोळी ढिली पडत चालली, गळ्याची हाडं दिसू लागली, तर लोक म्हणाले, तपाचं तेज आहे. आणि खरोखर, पूर्ण उपासाच्या दिवशी हीराबाई हसतमुख असत. जेवणाच्या दिवशी मात्र दुपारभर आतल्या खोलीचं दार बंद.

पर्युषणाचे उपासाचे दिवस जवळ आले तसं झुंबरलालांनी जैन साध्वी उतरतात त्या स्थानकात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदा आमच्या घरातून अठाई होणार." आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. लगेच मिरवणुकीची बोलणी सुरू झाली. हीराबाई काही बोलल्या नाहीत. शेठना वाटलं, विनय आहे.

त्यांचं डोकं ठिकाणावर आणलं भिकुबाईने. ती वीस वर्षं त्या घरात धुणं-दळण करत होती आणि शेठजींना घाबरायचं तिला कधी जमलं नव्हतं. एके दुपारी ती थेट घरच्या बैठकीतल्या गादीसमोर येऊन उभी राहिली.

"शेठ, बाई तप नई करतीस. त्या घाबरतीस."

"काय बोलतेस?"

"मी मना डोयाघाई देखं. जेवनात का अर्धा तासमा पोट धरीसन लोळतीस. दोन तास. मंग आपोआप उतरस. नई जेवनात ते काहीच नई. म्हणीसन त्या जेवतीसच नई. मले किरिया घातेल शे, सांगू नको म्हणीसन."

झुंबरलाल तिथल्या तिथे गार पडले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि बंद दारामागे काय चाललंय ते धुणंवालीकडून कळावं! ते आत गेले, तर हीराबाई पोटाशी उशी दाबून कुशीवर पडल्या होत्या.

"सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुम्ही गावभर माझं तप सांगत फिरत होता," त्या म्हणाल्या. "आणि वैद्यबुवांचं चूर्ण घेऊन झालं की. वायू म्हणाले. खोटं पुण्य अंगाला चिकटलं, आता काढू कसं?"

दुसऱ्या दिवशी शेठ त्यांना धनसिंग डॉक्टरांकडे घेऊन गेले. धनसिंग मुंबईला शिकून आलेले, बोलायला फटकळ पण हाताने हळवे. त्यांनी कर्करोगाच्या शंकेने पोट चाचपलं. गाठ नाही, पोट मऊ. मग मनगटाची नाडी पाहिली. रक्तवाहिनी बोटाखाली सुतळीसारखी कडक लागत होती. पायांच्या नाड्या जेमतेम. शेवटी त्यांनी नळी बेंबीच्या वर ठेवली आणि बराच वेळ ऐकत राहिले. आत ठोक्यागणिक सूं-सूं आवाज येत होता.

"काकी, पांझरा नदीवरून उसाच्या फडाला जाणारा पाट पाहिलाय ना?" ते म्हणाले. "गाळाने अर्धा भरला तरी रानात पीक नसताना चालून जातं. पण सगळ्या उसाला एकदम पाणी लागलं की पाट पुरा पडत नाही. तुमच्या आतड्यांना रक्त नेणारी वाहिनी अशीच आतून अरुंद झालीय. जेवलात की आतड्यांना जास्त रक्त लागतं. ते मिळत नाही, म्हणून ती ओरडतात. छातीत कळ येते ना चढ चढताना, तीच ही कळ, पोटातली."

"मग उपासात दुखत नाही ते बरोबर," झुंबरलाल हळूच म्हणाले.

"दुखत नाही, पण माणूस वाळतं. आणि एकासणं करून एकदम जेवणं म्हणजे तर सगळं रान एकदम भिजवायला घेणं. काकी, दोन-दोन तासांनी एकेक वाटी खा. पाणी भरपूर प्या. तपकीर बंद, तंबाखूने वाहिनी आणखी आवळते." मग ते शेठकडे वळले. "आणि अठाई अजिबात नाही. अंग सुकलं की रक्त दाटतं. त्यात गुठळी होऊन पाट पुरता बुजला, तर आतडं मरतं. तिथे माझ्याकडे औषध नाही."

स्थानकात जाऊन सांगायचं कोणी? झुंबरलाल म्हणाले, मीच सांगतो, तब्येत बरी नाही म्हणून. हीराबाईंनी नकारार्थी मान हलवली. साध्वींचं व्याख्यान संपल्यावर भरल्या सभेत त्या उभ्या राहिल्या.

"महासतीजी, माझी ऊणोदरी खोटी होती. मला जेवणाची भीती वाटत होती, आणि लोक पाया पडत होते. मी पडू दिलं."

झुंबरलालांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि त्याच क्षणी त्यांना आपल्या बायकोचा असा अभिमान वाटला की सगळ्या बाट्यांचा मिळूनही कधी वाटला नव्हता.

वृद्ध साध्वी महासतीजी म्हणाल्या, "आजाऱ्याने शक्तीबाहेर तप करायचं नसतं. लपवलेलं बोललीस, आलोचना झाली, दोष कबूल झाला. काही सोडायचंच असेल तर ती कमरेची डबी सोड."

सभा हसली. हीराबाईंनी हात जोडून तपकिरीचं पच्चक्खाण, ती सोडण्याचं व्रत, घेतलं. डॉक्टरांना जे वर्षभरात जमलं नसतं ते एका वाक्यात झालं.

वाट्या सुरू झाल्या. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत सहा. "बकरीसारखी एकटी चरत बसणार नाही," हीराबाईंनी बजावलं, म्हणून शेठलाही सहा वेळा वाटी घेऊन बसावं लागे. हीराबाईंच्या अंगावर मांस फारसं आलं नाही, शेठचं पोट मात्र सुटलं. दुपारी चारची वाटी मुगाच्या खिचडीची. तेव्हा दुकान सोडून घरी येणारा शेठ अख्ख्या पेठेने पाहिला आणि मनसोक्त चिडवला. अशी चार वर्षं गेली.

सन बेचाळीसच्या एका सकाळी, काही खाण्याआधीच, हीराबाई किंचाळल्या. धनसिंग धावत आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं. पोट मऊ, हाताला काहीच नाही, आणि बाई तर वेदनेने तडफडत होत्या. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "एवढं दुखतंय आणि पोट मऊ. हेच वाईट. पाट बुजला असणार. इस्पितळात, आत्ताच."

झोळीत घालून नेताना हीराबाईंनी नवऱ्याचा हात धरला. "चारला वाटी घ्या बरं. भिकूला सांगितलंय. माझ्यासाठी थांबू नका."

मोठ्या सर्जनने पोट उघडलं आणि तसंच शिवलं. सगळं लहान आतडं काळं पडलं होतं. कापायचं तर उरत काहीच नव्हतं. दुपार टळण्याआधी हीराबाई गेल्या.

घरी बायका जमल्या, मुलगा सोहनलाल रडत होता. सुतकात त्या दिवशी घरात चूल पेटायची नव्हती. पण मालकिणीने सकाळीच सांगितलं होतं, म्हणून चारच्या ठोक्याला भिकुबाई आपल्या घरून पदराखाली झाकून एक वाटी घेऊन आली आणि शेठसमोर ठेवली.

"बाईनी सांगेल शे," ती म्हणाली.

लोक पाहत होते. झुंबरलालांनी वाटी उचलली आणि सगळ्यांदेखत, रडत रडत, शेवटच्या शितापर्यंत खाल्ली.