नववं पेर

नंदिगड्ड्याच्या जंगलात लाकडाच्या एका ठेकेदाराने आठ खाटांचा दवाखाना बांधला होता. इंदुबाई तिथल्या नर्स, मूळच्या खानापूरकडच्या. एकोणीसशे अठ्ठावीस साली त्यांच्या हाताखाली तीन मुली पहिल्या वर्षाला शिकायला आल्या. डॉक्टर यशवंतराव इंग्रजी पुस्तक उघडून मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या सांगत. मुली माना डोलवत, आणि डोक्यात काडीचंही शिरत नसे.

इंदुबाईंचा त्यावर भारी संताप. ज्या पोरी भाताची पोती बोटांच्या पेरांवर मोजतात, त्यांना कागद कशाला हवा? चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, झाली की बारा. त्यांनी वहीत हात काढला आणि अंगठा कुठे टेकला की काय तपासायचं ते लिहिलं. तर्जनीवर वास, नजर आणि बुबुळाची हालचाल. वासाला लवंग घ्यायची, डोळे मिटवून, एकेक नाकपुडी; मिरची नको, कारण तिची झणझण पाचव्या नसेला कळते. मधल्या बोटावर डोळा खाली-आत वळवणं, मग चेहऱ्याचा स्पर्श आणि चावणं, मग डोळा बाहेर वळवणं. अनामिकेवर चेहऱ्याची हालचाल, ऐकणं, घसा. करंगळीवर टाळू आणि आवाज, खांदे, शेवटी जीभ.

जवळजवळ प्रत्येक पेराला एक ओळ जुळवली. पोरी भांडी घासतानाही गुणगुणू लागल्या. यशवंतरावांनी मान डोलावली आणि इंदुबाई आठवडाभर जमिनीला पाय लावून चालत नव्हत्या.

फक्त नवव्या-दहाव्या पेराशी गाडी अडत होती. ह्या दोन नसा गिळण्याच्या, एकत्र तपासायच्या. डॉक्टरांचा नियम लांबलचक होता: रोगी जागा हवा, त्याला बसता करा, ‘आ’ म्हणायला लावून टाळू सरळ उचलली जाते का पाहा, खोकायला सांगा, आवाज ओला, घशात पाणी घुळघुळल्यासारखा येतो का ऐका, आणि सगळं ठीक असेल तरच चमचाभर पाणी. हे कुठल्याच ओळीत बसेना. शेवटी बाईंनी लिहिलं, ‘नववी दहावी, पेज पाजावी’. छान यमक जुळलं. नियम गाळलाय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तोंडी सांगीन, म्हणाल्या, आणि विसरल्या.

कुंभारवाड्याचा म्हादू उजवी बाजू लुळी पडलेल्या अवस्थेत डोलीतून आला. तपासायला पुतळी होती, तिघींतली सगळ्यांत हुशार. तिने अंगठा एकेका पेरावर टेकत तपासलं आणि नवव्या पेराशी पोचल्यावर, म्हातारा उताणा झोपलेला असतानाच, वाटीने पेज पाजली. ठसका लागला, तोंड काळंनिळं पडलं. मग छाती भरली आणि सहाव्या दिवशी म्हादू गेला.

यशवंतरावांनी तिघींना बोलावलं. “झोपलेल्या माणसाला पेज? हे कुणी शिकवलं तुला?”

पुतळीचा अंगठा अनामिकेच्या शेवटच्या पेरावर होता. इंदुबाई तो पाहत होत्या. पुतळीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली.

“माझंच चुकलं, साहेब.”

“उद्या घरी जा. नाव काढून टाकतो.”

इंदुबाईंची जीभ एरवी डॉक्टरांनाही सोडत नसे, त्या दिवशी मात्र ती टाळूला चिकटली होती. नोकरी जाईल, वहीचं कौतुक जाईल, एवढंच त्यांना दिसत होतं. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती.

दुसऱ्या दिवशी पुतळी गाठोडं बांधत होती. इंदुबाई दाराशी येऊन म्हणाल्या, “तू का सांगितलं न्हाईस, गे?”

“तुमचं नाव घेतलं तर वही जाळतील, बाई. मागं ऱ्हाणाऱ्या दोघी काय शिकतील? त्यास्नी न्हाई येत कागदावरचं.”

मग इंदुबाईंना तिथे उभं राहवेना. त्या वही घेऊन तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, ते पान समोर ठेवलं आणि म्हणाल्या, “यमकासाठी मी नियम गाळला. माणूस मी मारला. पोरीचं नाव ठेवा, माझं काढा.”

डॉक्टरांनी पुतळीचं नाव ठेवलं. बाईंनाही ठेवलं, कारण शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि ही शिक्षा काढून टाकण्याहून जड पडली. वही मात्र पुतळीने दुरुस्त करायची, असं ठरलं.

पुतळीने ती ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं, ‘म्हादूबाबा. आधी बसता कर, आ बघ, खोकीव, आवाज ऐक, मगच चमचाभर पाणी.’

“यात यमक न्हाई,” इंदुबाई म्हणाल्या.

“न्हाई. पण इसरायचं न्हाई कुणी.”

आणि खरंच कुणी विसरलं नाही. दर वर्षी नव्या मुली येत, अंगठा अनामिकेच्या शेवटच्या पेराशी पोचला की एका सुरात म्हणत, “म्हादूबाबा.” कोण हा, असं एखादी विचारी. मग इंदुबाईंना सांगावं लागे, स्वतःच्या तोंडाने, पहिल्यापासून.