रविवार कामाचा की सुट्टीचा

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, एक डोळा लहानपणीच विटीदांडूत गेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, तरी हा माणूस ऑपरेशनला तयार होईना. दोनदा तारीख घेतली, दोनदा मोडली. शेवटी म्हणाले, "ऑपरेशनच्या दारापर्यंत तू हात धरून आलीस तर करीन. नायतर नाय." मी मंगळवार ठरवला आणि तिथेच माती खाल्ली.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात मी हिशेब बघते. पितळेचे व्हॉल्व्ह बनतात. महिना संपला की शिल्लक मालाची किंमत काढायची ती मी, त्यावर नफा-तोटा. त्या महिन्यापासून पुण्याच्या हेड ऑफिसने सगळ्यांची मिळून एकच ऑनलाइन यादी केली: काम कोणाचं, कोणत्या कामानंतर, कामाच्या कितव्या दिवसापर्यंत. आधीचं काम 'पूर्ण' झाल्याशिवाय पुढच्याची ओळ उघडतच नाही. माझ्या ओळीत लिहिलं होतं, तिसरा दिवस.

महिना गुरुवारी संपला. मी बोटांवर मोजलं. शुक्रवार पहिला. शनिवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असते, रविवारी नाही. म्हणजे रविवार दुसरा, सोमवार तिसरा. मंगळवारी मी मोकळी! डॉक्टरांना लगेच हो सांगून टाकलं.

रविवारी ऑफिसात बसले. स्टोअरवाल्या काकांनी मालाची मोजणी केव्हाच पूर्ण केली होती. पण माझी ओळ काही उघडेना. माझ्या आधी पुण्यातल्या एका बाईंनी महिन्याची बिलं चढवायची होती. आलेला माल आपण ऑर्डरच्या भावाने धरतो. बिलात भाव बदलला किंवा माल आणण्याचं भाडं लागलं, की शिल्लक मालाची किंमतही बदलते. फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी.

"मॅडम, आज रविवार आहे!"

"मग? दुसरा दिवस ना तुमचा?"

"उद्या दुसरा. शनिवार-रविवार आम्हाला सुट्टी."

बिलं सोमवारी संध्याकाळी पूर्ण होणार, म्हणजे माझं काम मंगळवारी सकाळी सुरू. आणि मंगळवारी सकाळी अण्णा! काय मेली यादी! एकच यादी, एकच कंपनी, आणि दिवस दोन प्रकारचे. मी उठून खिडकीशी गेले, परत आले, चहा मागवला, तो तसाच गार केला. आता तारीख मोडली की अण्णा पुन्हा हो म्हणणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाला पाठवावं तर त्यांचा विश्वास एकट्या माझ्यावर.

त्या बाईंना पुन्हा फोन केला. कशासाठी घाई आहे ते सरळ सांगितलं. रडू येत होतं म्हणून आवाज उगाच चढला. त्या म्हणाल्या, "ओरडू नका हो. सगळी बिलं लागतात का तुम्हाला?"

खरंच की! कँटीनचं बिल, ग्राहकाकडे माल पोचवायचं भाडं, सिक्युरिटीचं बिल, यांचा शिल्लक मालाशी काय संबंध? मला हवी होती फक्त कच्च्या मालाची बिलं आणि तो आणण्याचं भाडं. जी आलीच नाहीत, त्यांच्यासाठी अंदाजे रकमेची तरतूद. मी यादी सांभाळणाऱ्या पुण्याच्या साहेबांना विनंती पाठवली: बिलांची एक ओळ मोडून दोन करा, मला पहिलीवरच अवलंबून ठेवा. उत्तर नाही. रविवारी कशाला देतील!

घरी अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरला नाक लावून उभे होते. "मंगळवार पक्का ना गं?" मी "हो" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

सोमवारी सकाळी साहेबांनी ओळ मोडली. मग वाट बघणं. पान रिफ्रेश करते, काही नाही. पुन्हा करते, काही नाही. काका म्हणाले, "बटण झिजेल ताई." मी त्यांच्यावरही खेकसले. दुपारी उशिरा माझी ओळ हिरवी होऊन उघडली. किंमत काढली, खात्याशी जुळवली, एक फरक निघाला. एका भाड्याचं बिल आणि तरतूद दोन्ही धरली गेली होती. तरतूद काढून टाकली, जुळलं. 'पूर्ण' दाबलं आणि त्या बाईंना फोन करून म्हणाले, "अहो, झालं!"

मंगळवारी दारापर्यंत अण्णांचा हात माझ्या हातात होता. फोन वाजत होता. वाजू दिला.

पट्टी सुटली त्या दिवशी घरी येऊन ते पुन्हा कॅलेंडरपाशी गेले. या वेळी नाक न लावता, हातभर लांब उभे राहिले. बराच वेळ पाहत राहिले.

"अगं, रविवार लाल हाय की!" ते माझ्याकडे वळले. "मग तुम्ही येडी माणसं कामाला कशाला जाता?"

मी हसायला लागले आणि मला थांबताच येईना.