मोरेश्वररावांच्या कार्डावरची शिल्लक

मोरेश्वर दातार कराडच्या एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होते, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाला नियमाबाहेर एक रुपया दिला नाही. सख्ख्या मेहुण्याची स्लिप त्यांनी सही जुळत नाही म्हणून परत केली होती. मेहुणा त्यानंतर चार दिवाळ्या घरी आला नाही आणि मोरेश्वररावांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. असा हा माणूस वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा परदेशी निघाला, तोही एकटाच, कारण पत्नी लतिकाबाईंचा गुडघा इतका लांबचा प्रवास करायला तयार नव्हता. लेकीकडे नायमेखन या डच शहरात दोन महिने राहायचं आणि ट्युलिप बघून एप्रिलअखेर परतायचं, असा बेत होता.

लेक म्हणजे संहिता. विद्यापीठात पीएचडी संपवून तिथेच संशोधक म्हणून काम करत होती. तिने फोनवर सांगितलं होतं, "बाबा, तुमचं नेहमीचं डेबिट कार्ड आणा, पुरे झालं. फक्त बँकेत सांगून परदेशातला वापर चालू करून घ्या."

"आणि प्रत्येक खरेदीवर साडेतीन टक्के मार्कअप कोण भरणार? वर त्याच्यावर जीएसटी. एटीएमला गेलो तर दर वेळी सव्वाशे-दीडशे रुपये वेगळे. शिवाय दर त्या दिवशीचा, म्हणजे आज एक नि उद्या दुसरा." मोरेश्वररावांनी आठ दिवस हाच अभ्यास केला होता. "फॉरेक्स कार्डात मी आजच युरो भरून ठेवतो. भरले त्या दिवशीचा दर पक्का. युरोत खर्च केला की मार्कअप नाही. एटीएमला तेवढे दोन युरो घेतात, ते मी मान्य केले आहेत."

ते 'मान्य केले आहेत' ऐकून संहिता खूप वेळ हसली होती. तिचे बाबा बँकांच्या अटी वाचायचे आणि त्या मनातल्या मनात मंजूर किंवा नामंजूरही करायचे.

शेवटी त्यांनी दोन्ही कार्डं आणली. फॉरेक्स कार्ड बंडीच्या आतल्या खिशात, डेबिट कार्ड अडीअडचणीला म्हणून बॅगेच्या तळाशी. निघण्यापूर्वी लतिकाबाईंकडे एक पाकीट दिलं. त्यात कार्डात पुन्हा पैसे भरण्याचे दोन फॉर्म, पॅनची प्रत, एक चेक आणि बायकोला बँकेत जायचा अधिकार देणारं पत्र. सगळ्यावर सह्या केलेल्या, फक्त रक्कम आणि तारीख कोरी. कोऱ्या कागदावर सही करू नका असं जन्मभर गिऱ्हाइकांना बजावणाऱ्या माणसाने हे केलं, यावरून त्यांना परदेशाची किती धास्ती होती ते कळावं.

फेब्रुवारीच्या शेवटी ते आले. तिसऱ्या दिवशी संहिताला घेऊन ऐटीत सुपरमार्केटला गेले, दूध, पाव आणि तिच्यासाठी स्ट्रॉबेऱ्या घेतल्या आणि काउंटरवर कार्ड टेकवलं. यंत्राने नकार दिला. पुन्हा टेकवलं, पुन्हा नकार. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की इथे फक्त इथल्या पद्धतीची डेबिट कार्डं चालतात, या जातीची नाहीत. संहिताने आपलं कार्ड पुढे केलं. चौदा युरोची गोष्ट, पण बाबांचे कान लाल झाले होते. कार्डात पंधराशे युरो असून लेकीच्या पैशाने दूध घ्यावं लागलं याचं त्यांना इतकं लागलं, की घरी येईपर्यंत ते सायकलींच्या लाल रस्त्यावरून चालत होते आणि तीन जणांनी घंटी वाजवली तरी हलले नाहीत.

मग त्यांनी एटीएमचा मार्ग धरला. यंत्राने विचारलं, रक्कम रुपयांत हिशोब करून देऊ का? मोरेश्वररावांनी ठामपणे नाही म्हटलं, कारण त्यात यंत्राचा मालक आपल्या मनाचा दर लावतो हे त्यांनी वाचलं होतं. नोटा हातात आल्यावर ते खूश झाले. आणि पंधरवड्यातच करोना आला. बेकरीपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांनी दारावर पाट्या लावल्या की रोख देऊ नका. विमानं बंद झाली. ट्युलिप शेतातच फुलले आणि शेतातच कापले गेले. मोरेश्वरराव संहिताच्या एका खोलीच्या घरात सोफ्यावर झोपू लागले, आणि व्हिसाला मुदतवाढ मिळाल्याने झोपतच राहिले.

खरं सांगायचं तर ते महिने संहिताच्या आयुष्यातले चांगले महिने होते. बाबा सकाळी पोहे करायचे, दुपारी डच बातम्या न समजता ऐकायचे आणि संध्याकाळी वाल नदीच्या काठी दीड मीटरचं अंतर पायाने मोजून दाखवायचे. तिने त्यांना असं निवांत कधीच पाहिलं नव्हतं. कराडमध्ये ते नेहमी कुठल्यातरी काउंटरच्या आतच असल्यासारखे असायचे.

पण मे महिन्यात तिचं विद्यापीठातलं कंत्राट संपलं. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी पक्की झाली होती, जूनपासून. कंपनीने कळवलं, परिस्थिती पाहता नोव्हेंबरपासून या. नोकरी शोधायचा एक वर्षाचा परवाना तिच्याजवळ होता, पण परवान्याने घरभाडं भरता येत नाही. जून-जुलै साठवलेल्या पैशांवर निघणार होते. राहिले ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, तीन महिन्यांचं भाडं आणि विमा. एवढंच काय ते आडवं आलं होतं.

बाबांकडे मागणं शक्य नव्हतं. तिच्या एमएस्सीसाठी त्यांनी मुदतठेवी मोडल्या होत्या. पहिल्या पगारापासून तिने ते पैसे थोडे थोडे परत केले, शेवटचा हप्ता पोचवला त्या दिवशी फोनवर सांगितलं, आता यापुढे तुमच्याकडून एक पैसा घेणार नाही. म्हणून तिने भारतीयांसाठी सुटणाऱ्या खास विमानासाठी दूतावासाच्या यादीत दोन नावं घातली, त्यांचं आणि स्वतःचं. बाबांना सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "मीही येते तुमच्याबरोबर. नोव्हेंबरचं काय खरं आहे?"

पोह्यांत त्या दिवशी मीठ दोनदा पडलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात संहिताच्या मेलवर एक निरोप आला. आपल्या फॉरेक्स कार्डात पंधराशे युरो भरले गेले आहेत. तिला क्षणभर कळेना, मग कळलं. बाबांना ईमेल हा प्रकार मान्य नव्हता, त्यामुळे गॅसच्या नोंदणीपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत प्रत्येक फॉर्मवर ते लेकीचा पत्ता लिहायचे. फॉरेक्स कार्डाच्या फॉर्मवरही तोच लिहिला होता आणि ते साफ विसरून गेले होते. बाबांनी फोनवरून सांगितल्यावर लतिकाबाई मास्क बांधून, दुखऱ्या गुडघ्याने, बँकेबाहेरच्या खडूच्या वर्तुळांत उभ्या राहून सह्या केलेला फॉर्म देऊन आल्या होत्या.

कार्डावर आधीचे साडेनऊशे शिल्लक होतेच. मग आणखी कशाला? संहिता विचारणार होती. पण दुसऱ्या दिवशी बाबा पाव आणायला म्हणून सकाळी बाहेर पडले आणि वीस मिनिटांत मेल आली. तीनशे युरो काढले, शुल्क दोन युरो. बाबा पाव घेऊन परत आले. तिसऱ्या दिवशी तसंच. तीनशे, शुल्क दोन. असे आठ दिवस. आठव्या दिवशी घरात इतका पाव झाला की तिला तो फ्रीजरमध्ये कोंबावा लागला. दर खेपेला ते दोन युरो देताना बाबांच्या जिवाचं काय होत असेल, या विचाराने तिला हसू येत होतं आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडलीसुद्धा.

रविवारी दुपारी त्यांनी टेबलावर पाकीट ठेवलं.

"हे बघ, एक अडचण झाली आहे," ते म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते. "कार्डावर बरीच शिल्लक उरली होती. इथे दुकानात चालत नाही, रोख कुणी घेत नाही, खर्चणार कुठे? आणि नियम असा आहे की माणूस भारतात परत गेला की कार्ड बंद. शिल्लक बुडते."

"परत देत नाहीत?"

"नाही." एकतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच नियमाच्या नावाने खोटं बोलत होते, आणि अजिबात जमत नव्हतं. "अजिबात नाही. बँकेचेच होतात. म्हणून काढून आणले. चोवीसशे आहेत. वाया घालवण्यापेक्षा तू ठेव. मदत वगैरे समजू नकोस, नाहीतरी बुडणारच होते."

"मग कार्डच ठेवून जायचं ना, पिन सांगून. मी काढले असते."

"कार्ड दुसऱ्याला देता येत नाही," मोरेश्वरराव दचकून म्हणाले. "ते नियमाविरुद्ध आहे."

संहिताने पाकिटाकडे पाहिलं. कार्डाच्या अटींची पुस्तिका तिच्याच मेलवर आली होती. परतल्यावर एकशे ऐंशी दिवसांच्या आत फॉर्म आणि पासपोर्टची प्रत दिली की उरलेले युरो त्या दिवशीच्या खरेदी दराने रुपये होऊन खात्यात जमा होतात, हे तिला ठाऊक होतं. बाबांना तर शब्दशः पाठ असणार. तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं, बाबा, मला माहीत आहे. आणि पाकीट परत सरकवायचं होतं. शब्द दिला होता तिने.

तेवढ्यात टॅबलेट वाजला. लतिकाबाईंचा रविवारचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी छताचा पंखा दिसला, मग कपाळ, मग आई.

"अहो, ऐकलंत का," लतिकाबाईंनी आल्या आल्या सुरुवात केली. "परवा पासबुक भरायला बँकेत गेले होते. तिथल्या मुलीला विचारलं, यांचे कार्डावर पैसे उरले तर? ती म्हणाली, काही काळजी नको, आल्यावर अर्ज करा, सगळे परत मिळतात. मी फॉर्मही आणून ठेवलाय. तेव्हा उगाच खर्च करत बसू नका, घेऊन या सगळे."

मोरेश्वरराव टेबलाची कडा धरून बसले होते. त्यांची मान खाली गेली होती. स्लिप परत आलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा कसा होतो ते त्यांनी जन्मभर काचेपलीकडून पाहिलं होतं.

संहिताने टॅबलेट आपल्याकडे वळवला.

"आई, तिला माहीत नसेल," ती म्हणाली. "तो जुना नियम झाला. करोनानंतर बदललाय, आता नाही मिळत परत. बाबांनी नीट वाचलंय."

"अगंबाई," लतिकाबाई म्हणाल्या. "मग गं?"

"मग काय, मी ठेवून घेतले. भाड्याला होतील. आणि आई, त्या विमानाच्या यादीतून माझं नाव काढतेय मी. बाबा एकटेच येतील."

मोरेश्वररावांनी मान वर केली. लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग सावकाश खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले.

"बरोबर सांगतेय ती," ते पडद्याकडे न बघता म्हणाले. "नियम बदललाय."