परतीच्या शिखराची उंची

‘दोन शिखरे दिसतात, म्हणून ही अभिक्रिया रिव्हर्सिबल आहे.’

हे वाक्य मधुवंती इनामदार मॅडमनी सकाळपासून अठराव्यांदा वाचलं आणि लाल पेन टेबलावर आपटलं. एमएस्सी भाग दोनचे अठरा रिपोर्ट. अठराहीमध्ये तेच वाक्य, त्याच जागी तोच स्वल्पविराम, आणि खाली तक्त्यात आलेखातल्या दोन्ही शिखरांच्या, जातानाच्या आणि परतीच्या, उंचीचं गुणोत्तर बरोबर एक. एक पूर्णांक शून्य शून्य. निसर्गालासुद्धा इतकं नेमकं कधी जमत नाही.

“काय रे ऋतुराज, हे १.०० आलं कुठनं?”

दारातल्या ऋतुराजने मान खाजवली. “मशीनवर आलंय मॅडम.”

“मशीनवर? मग १.०० नंतर तिसरा आकडा का नाही?”

“तिसरा आकडा... राउंड फिगर केला की मॅडम.”

“आणि अठरा जणांनी एकदम राउंड केला?”

“एकी हाय की मॅडम आमच्यात.”

मॅडमनी त्याला हातानंच जायला सांगितलं. सगळ्यांना ठाऊक होतं, मॅडमनाही. दरवर्षी वरच्या वर्गाची पीडीएफ खालच्या वर्गाकडे येते; नाव बदलायचं, तारीख बदलायची, झालं. चोवीस वर्षं मॅडम ‘अरे, स्वतःच्या डोक्यानं लिहा रे’ म्हणत आल्या होत्या. पोरं मागच्या बाकावर त्यांची नक्कल करायची: चष्मा नाकाच्या टोकावर, मान तिरकी, ‘अर्रे, डोकं वापरा रे, भाड्यानं दिलंय का?’ नक्कल इतकी हुबेहूब, की एकदा खुद्द मॅडमनाच वाटलं, आपणच बोलतोय.

एकोणिसावा रिपोर्ट त्रिशला मगदूमचा. तो तीनदा परत गेला होता. हुपरीची पोर, घरात पैंजणांचं काम. बोलायला मोकळी आणि भलती हट्टी. तिच्या तक्त्यात गुणोत्तर होतं ०.६२. आणि निष्कर्षात लिहिलं होतं: ‘म्हणून ही अभिक्रिया रिव्हर्सिबल नाही.’ म्हणजे गेली तशी पूर्ण परत फिरत नाही.

साडेतीन वाजता ती परत आली. हातात रिपोर्ट, चेहरा तोच हट्टी.

“मॅडम, आकडा हलत न्हाय.”

“हलवायचा नाहीच, त्रिशला! शोधायचा! पोटॅशियम फेरिसायनाइड आहे ते. शंभर वर्षं सगळ्यांना सरळ वागून दाखवलंय, आणि तुझ्याकडेच रुसलंय?”

“मी काय करू मॅडम? चारदा द्रावण बनवलं. इलेक्ट्रोड घासून घासून आरशासारखा केला. व्होल्टेज अर्ध्यावरनं शून्य पॉइंट एकपर्यंत खाली नेलं, पुन्हा वर आणलं. जाताना शिखर बेचाळीस मायक्रोअँपिअर, येताना सव्वीस. सव्वीस भागिले बेचाळीस, शून्य पॉइंट बासष्ट. कॅल्क्युलेटर खोटं बोलत न्हाय की.”

“मग शिखरांमधलं अंतर?”

“सहासष्ट मिलिव्होल्ट.”

सहासष्ट म्हणजे उत्तम. पुस्तकात एकोणसाठच्या आसपास असतं, द्रावणाचा थोडा अडथळा धरला की सहासष्ट येतंच.

“आणि स्कॅनचा वेग वाढवल्यावर?”

“शिखराची उंची वेगाच्या वर्गमुळाबरोबर सरळ वाढली. आलेख रेषेत. अंतर जवळजवळ तेवढंच.”

“अगं मग सगळं रिव्हर्सिबलच सांगतंय! एकटं गुणोत्तरच का उलटतंय?”

“तेच तर विचारतेय मी तीन दिस!” त्रिशलाचा आवाज चढला, मग तिनंच तो खाली ओढला. “पाच वाजता यादी जाणार मॅडम. सही नसली तर तोंडी परीक्षेला नाव न्हाय, म्हणजे अख्खं सहा महिनं वाया. कागलच्या कंपनीनं जूनपासनं ये म्हणून सांगितलंय, प्लेटिंगच्या लॅबमध्ये. वर्गातली म्हणत्यात, १.०० लिही आणि मोकळी हो. लिहू?”

“लिहिलंस तर बघ!” मॅडम उठल्या. “चल लॅबमध्ये.”

लॅबचे शिपाई आकाराममामा स्टुलावर बसून डुलक्या घेत होते. “आता? कुलूप लावायच्या बेतात होतो की बाई.”

“मामा, कुलूप पाचला लावतात. पावणेचार झालेत.”

“घड्याळ म्होरं हाय माझं,” म्हणत त्यांनी मशीन चालू केलं.

पिवळं द्रावण, तीन तारा, स्क्रीनवर हळूहळू उतरणारी रेघ. रेघ खाली गेली, शिखर झालं, आणि मग वर सरकू लागली. इलेक्ट्रोडजवळचे आयन संपत आले, नवे लांबून यायला लागले, म्हणून प्रवाह ओसरला. हे मॅडमनी हजारदा सांगितलं होतं. शून्य पॉइंट एकवर मशीननं वळण घेतलं आणि परतीचं शिखर उभं राहिलं.

“आता मोज. माझ्यासमोर.”

त्रिशलानं कर्सर परतीच्या शिखरावर ठेवला, आणि तिथून सरळ शून्याच्या रेषेपर्यंत आणला. सव्वीस.

“शून्यापासून?” मॅडम ओरडल्या. “शून्यापासून कसं मोजतेस? वळलीस तेव्हा जातानाचा प्रवाह शून्य झाला होता का?”

“न्हाय, चोवीसच्या आसपास होता.”

“मग? तो परतीतसुद्धा खालून ओढतच असतो. त्या उतरत्या प्रवाहापासून मोजायचं! फळ्यावर मी दरवर्षी काढते!”

“फळ्यावर काढता व्हय मॅडम. पण पुस्तिकेत असं हाय.”

तिनं पिशवीतून प्रयोगपुस्तिका काढली. पान बावीस. आकृतीत परतीच्या शिखरापासून बाण सरळ शून्याच्या रेषेवर येऊन टेकला होता. खाली बारीक अक्षरात: ‘आकृती – म. इ.’

मॅडमनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं. नोकरीचं पहिलं वर्ष, छापायला द्यायची घाई, एका दुपारी पट्टीनं काढलेला बाण. तेव्हापासून दर वर्षी नव्या मुखपृष्ठासह तेच पान. फळ्यावरचं पुसलं जायचं, पुस्तिका राहायची. म्हणजे पोरं मोजायची, ०.६२ यायचं, पुस्तकात एक, म्हणून घाबरून १.०० लिहायची. मग पुढच्यांनी मोजायचंच सोडलं. चोवीस वर्षं ज्या चोरीवर त्या लाल पेन आपटत होत्या, तिची पहिली शिकवणी त्यांचीच.

“मामा,” त्या म्हणाल्या, “ही पुस्तिका कुणी तपासली होती हो?”

“मला काय ठावं? मी तर आकृत्या बगतो फक्त. चांगली काढलीय की.”

त्रिशला हसली. मॅडमना चीड आली, पण ती नेमकी कुणावर काढावी कळेना. त्यांनी खुर्ची ओढली.

“द्रावण ढवळ, मिनिटभर शांत राहू दे. पुन्हा तसंच खाली ने, पण शून्य पॉइंट एकवर नुसतं थांब. प्रवाह कसा उतरतो ते नोंदव.”

उतरण नोंदली. परतीचं शिखर वळणानंतर सव्वातीन सेकंदांनी येत होतं. व्होल्टेज थांबवलं असताना तेवढ्याच वेळात जातानाचा प्रवाह शून्याखाली सोळापर्यंत ओसरला होता. सव्वीस आणि सोळा, बेचाळीस. त्रिशलानं दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा साडेएक्केचाळीस.

“शून्य पॉइंट नव्व्याण्णव,” ती म्हणाली. “च्या मायला... सॉरी मॅडम.”

“लिही. राउंड करू नकोस.”

साडेचारला ती टाइप करत बसली. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, “मॅडम, पैल्या तीन वेळेला ०.६२ का आलं, कारण लिहू का काढून टाकू?”

मॅडमनी चष्मा पुसला. ऋतुराज आणि कंपनी हे वाचणार, बाहेरचे परीक्षक वाचणार.

“लिही. ‘प्रयोगपुस्तिकेतील आकृती चुकीची असल्याने मापन शून्य रेषेपासून केले गेले.’”

“आकृती कुणाची ते?”

“पुस्तिकेत छापलंय. लोकांना वाचता येतं.”

पाचला दहा कमी असताना मॅडमनी सही केली. मग अठरा रिपोर्ट उचलून परत वाटायला आकाराममामांच्या हातात दिले, आणि वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं: उद्या दहा वाजता सगळे लॅबमध्ये. चूक माझ्या आकृतीत आहे. ती आपण मिळून मोजणार आहोत. सह्यांचं आणि यादीचं मी बघते.

लगेच ऋतुराजचं उत्तर आलं: मॅडम, मग आमचं १.०० चालेल का?

मॅडमनी फोन उलटा ठेवला.