चढमास्तरांची बनावट बॅटरी

त्याला सगळे चढमास्तर म्हणायचे. मास्तर तो कधीच नव्हता. कुरिअरची पाकिटं आणि खोकी घरोघर पोचवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. टेकडीवरच्या वस्तीत गाडी वळत नाही, म्हणून ती वस्ती कोणी अंगावर घेईना. ती कायमची याच्या गळ्यात पडली आणि तिच्याबरोबर हे नावही. पुढे विजेवर चालणारी सायकल घेतली तेव्हा त्याच्या गुडघ्यांना जरा उसंत मिळाली. आता तिची बॅटरी थकली होती, आणि गुडघे तर बॅटरीच्याही आधी थकले होते.

ऑफिसातल्या साहेबांनी त्याला बसवून, चहा पाजून सांगितलं की माल वेळेत पोचत नसेल तर टेकडी दुसऱ्याला द्यावी लागेल, आणि दुसरा भाग सध्या रिकामा नाही. चहा पाजून सांगितलेलं नेहमी खरं असतं. म्हणजे नवी बॅटरी आली तर काम, नाहीतर घरी.

बॅटरी त्याने एका मोठ्या बाजार-अ‍ॅपवर मागवली. नामांकित कंपनीचं चित्र, विक्रेत्याच्या नावापुढे हिरवी खूण आणि ‘तपासलेला विक्रेता’ असे शब्द. किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती. बायकोने दोनदा विचारलं तेव्हा त्याने तिला ती हिरवी खूण दाखवली. पैसे कार्डाने भरले. या सगळ्या प्रकरणात त्याच्या हातून चुकून झालेली शहाणपणाची गोष्ट तेवढी एकच.

त्या अ‍ॅपचा नियम असा की ग्राहकाने खोकं उघडावं, माल पाहावा आणि ठीक असेल तरच पोचवणाऱ्याला फोनवर आलेला कोड सांगावा. कोड दिला की अडवून ठेवलेले पैसे विक्रेत्याकडे सुटतात. चढमास्तरला हे पाठ होतं. पण खोकं घेऊन आला लंबू. तो त्या अ‍ॅपच्या कामावर होता, दोघांची रोज सिग्नलला गाठ पडायची. आणि माल पोचवणाऱ्यांमध्ये एक रीत आहे: आपल्यातल्या माणसाला दारात ताटकळत ठेवायचं नाही. दारात ताटकळणं म्हणजे काय हे आपल्याशिवाय कोणाला ठाऊक? लंबूच्या पिशव्या अजून भरलेल्याच होत्या. खोकं त्याच्या हातातून सुटायच्या आतच चढमास्तरने कोड सांगून टाकला. इतर कुठल्याही ग्राहकाने हे केलं नसतं.

बॅटरीने पहिल्याच मोठ्या चढावर मान टाकली. सायकलवाल्याने ती उघडली तर नव्या कवचात कुठल्या तरी जुन्या यंत्रांतून काढलेले सेल बसवलेले. कंपनीच्या सेवा केंद्राने तिच्यावरचा क्रमांक तपासला आणि हा माल आमचा नाही असं लिहून दिलं.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. अ‍ॅपवाल्यांनी अतिशय गोड भाषेत कळवलं की कोड देऊन तुम्ही माल ठीक असल्याचं मान्य केलं आहे; शिवाय आम्ही फक्त मध्यस्थ, विकणारा वेगळा, त्यालाच विचारा. विकणाऱ्याचा फोन बंद. पत्त्यावर गेला तर तिथे कपडे धुण्याचं दुकान. दुकानवाल्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो काही बोलायच्या आत, ‘तुमचंही काहीतरी आलंय का खोटं?’ म्हणून विचारलं. बिचाऱ्या त्याही वैतागलेल्या. त्यांचा पत्ता कोणी उचलला होता हे त्यांनाही माहीत नव्हतं.

तोवर टेकडी तो पायाने मारत होता. संध्याकाळी गुडघ्यांवर ओला फडका ठेवून बसायचा. त्याला राग येत नव्हता. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

शेवटी बायकोने त्याला ग्राहक सल्ला केंद्रात नेलं. तिथल्या बाईंचं टेबल फायलींनी भरलेलं होतं आणि चेहरा त्याच्याइतकाच दमलेला. त्यांनी सगळं वाचलं.

“खोटं विकलं त्याची पहिली जबाबदारी विकणाऱ्याची,” त्या म्हणाल्या, “पण तो सापडणार नाही. अ‍ॅपवाले नुसते मध्यस्थ असते तर कदाचित सुटले असते. इथे तपासलेला म्हणून शिक्का त्यांनी मारला, पैसे त्यांनी घेतले, आणि विकणाऱ्याचा खरा पत्ता त्यांना देता येत नाही. त्यावर आपण तक्रार लावू. वेळ मात्र लागेल.”

“माझ्याकडे वेळच नाही ना, ताई.”

त्यांनी कार्डाचा हिशेब मागून घेतला आणि पैसे घेणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. नाव अ‍ॅपचं होतं. मग त्यांनी समजावलं की बनावट माल आला म्हणून बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते. बँक विकणाऱ्याला शोधत बसत नाही, ज्याने कार्डावरून पैसे घेतले त्याच्याकडेच मागते. सेवा केंद्राचं पत्र जोडा, अ‍ॅपने नकार दिलेले निरोप जोडा, बॅटरी फेकू नका, आणि मुदत उलटायच्या आत अर्ज द्या. देतीलच असं नाही, पण तिथे तुमची बाजू बळकट आहे. तक्रार आणि हरकत दोन्ही गेल्या.

काही दिवसांनी अ‍ॅपचा फोन आला. या वेळी खरा माणूस बोलत होता. तुमची अडचण आम्ही समजू शकतो, म्हणाला. पैसे लगेच देतो; फक्त एवढंच लिहून द्या की पोचवणाऱ्या माणसाने खोकं उघडू न देता तुमच्याकडून कोड काढून घेतला. मग पुढचं आम्ही आमच्या बाजूने पाहू.

चढमास्तरला कळायला क्षणभर लागला. विकणारा पळाला, अ‍ॅपने हात झटकले, आणि आता सगळं घरंगळत लंबूच्या डोक्यावर येऊन पडणार होतं.

“त्याचं काय होईल?” त्याने विचारलं.

“ती आमची अंतर्गत बाब आहे.”

“कोड मी आपणहून दिला. त्याने मागितलाही नव्हता.”

पलीकडचा माणूस म्हणाला की मग आमचा नाइलाज आहे. फोन ठेवल्यावर बायको त्याच्याकडे बघतच राहिली. तिने सगळं ऐकलं होतं. दोन ओळी खरडल्या असत्या तर उद्या बॅटरी आली असती, ती म्हणाली, आणि तुझे पाय काय त्या लंबूच्या बापाचे आहेत का? ती रडवेली झाली होती. तिचंही बरोबर होतं. तो पाय लांब करून बसला, आणि सकाळी उठून चढाला लागला.

साहेबांनी टेकडीसाठी नवा माणूस पाहायला सुरुवात केली होती, तेव्हा बँकेचा निरोप आला: हरकत मान्य, पैसे खात्यात. बँकेला कोड कोणी कधी दिला याच्याशी देणंघेणं नव्हतं. माल खोटा होता, एवढं तिला पुरलं. त्याच दिवशी अ‍ॅपने कसलंही कारण न देता त्याचं खातं बंद केलं. त्याने या वेळी दुकानात उभं राहून, क्रमांक जुळवून बॅटरी घेतली.

सिग्नलला लंबू भेटला. नवी बॅटरी पाहून त्याने शिट्टी मारली आणि पैसे परत मिळाले का विचारलं. मिळाले, चढमास्तर म्हणाला.

“बघ,” लंबू म्हणाला, “आमची कंपनी तशी चांगली आहे. माणसाची काळजी घेते.”

चढमास्तरने त्याच्या फाटत आलेल्या पिशवीकडे आणि झिजलेल्या बुटांकडे पाहिलं. सांगावं असं बरंच काही होतं.

“सांभाळून जा रे,” तो म्हणाला, आणि सिग्नल सुटला.